बेकिंग पावडरवर व्हिनेगर ओतू नका

गेल्या श्रावणात रत्नागिरीहून वहिनीचा फोन आला. भाचीच्या वाढदिवसासाठी बिनअंड्याचा केक केला होता आणि तो बसला होता. "ताई, मधोमध अगदी थापलेल्या भाकरीसारखा आहे हो. सुरी घातली तर चिकट." दीड कप मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, दूध, तेल, साखर. प्रमाणात काहीच चूक नव्हती. मी म्हटलं, पावडर बघ. त्यावर ती तडक म्हणाली, "पावडर चांगली आहे, मी तपासली ना! चमचाभर वाटीत घेतली, वर व्हिनेगर ओतलं, भसाभसा फेस वाटीबाहेर आला."

गडबड नेमकी त्या व्हिनेगरच्या चाचणीत होती. ही चाचणी सोड्याची आहे. पावडरवर ती केली तर जवळजवळ मेलेली पावडरही धडधाकट दिसते. का ते कळायला दोन्ही डब्यांत काय असतं ते आधी बघू.

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, एकच पदार्थ. त्यात कार्बन डायऑक्साइड वायू कोंडलेला असतो आणि आंबट काही भेटलं की तो सुटतो. दही, ताक, लिंबू, चिंच, व्हिनेगर, यातलं काहीही चालतं. आंबट मिळालं नाही तर सोडा भट्टीच्या आचेवर थोडा वायू सोडतो, पण उरलेल्याचा धुण्याचा सोडा होतो आणि पदार्थाला साबणासारखी चव येते. म्हणून सोडा घालायच्या कृतीत आंबट काहीतरी असतंच, निदान असायला हवं.

बेकिंग पावडर म्हणजे सोडा आणि त्याला लागणारं आम्ल, दोन्ही एकाच डब्यात कोरडी मिसळलेली. आम्ल म्हणजे व्हिनेगरसारखं पातळ नव्हे, तर आम्लधर्मी क्षारांची पूड. तिसरा घटक स्टार्च, बहुतेक वेळा मक्याचा. त्याचं काम डब्यात शिरलेली दमट हवा आपण शोषून घेऊन त्या दोघांची गाठ पडू न देणं. पाण्याचा थेंब लागला की गाठ पडली, वायू सुटला. ही गाठ वाडग्यातल्या घोळात पडली तर केक फुगतो, डब्यातच पडली तर वायू स्वयंपाकघरात उडून जातो आणि डब्यात नुसते क्षार उरतात. दिसायला पावडर तशीच पांढरी, हाताला तशीच मऊ.

आता व्हिनेगर ओतल्यावर काय होतं ते बघा. व्हिनेगर म्हणजे बाहेरून आणलेलं भरपूर आम्ल. डब्यातला सोडा जेवढा उरला असेल तेवढ्याचा वायू ते एका झटक्यात काढतं. ताज्या पावडरच्या एका मापी चमच्यातून साधारण ३०० मिलि वायू निघू शकतो. निम्मा दम गेला तरी दीडशे मिलि उरतो, आणि दीडशे मिलि वायूचा फेस छोट्या वाटीबाहेर यायला अगदी पुरेसा आहे. म्हणजे वहिनीला दिसलेला फेस खोटा नव्हता. पण पावडर आपल्या आपण, घोळात, आचेवर काय करील, ते त्यावरून कळत नव्हतं. घोळात व्हिनेगर नसतं ना. शिवाय सोड्याचा धुण्याचा सोडा झाला असला तरी व्हिनेगरने तोही फेसाळतो.

म्हणून पावडरला काही आंबट द्यायचं नाही. तिच्याकडे दोन्ही आहेत, कमी आहे ते फक्त पाणी आणि ऊब. चाचणी अशी: छोट्या काचेच्या ग्लासात अर्धा चमचा पावडर घ्या आणि वर पाव कप पाणी ओता. पाणी उकळून लगेच खाली उतरवलेलं हवं, मात्र त्याचे स्वतःचे बुडबुडे थांबलेले असावेत, नाहीतर उकळीचेच बुडबुडे पावडरचे म्हणून मोजाल. चांगली पावडर पाणी पडताक्षणी सळसळते, फेस ग्लासच्या बाजूंनी वर चढतो आणि ती सळसळ काही क्षण चालू राहते. ग्लास कानाशी नेला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखा आवाज येतो. संपलेल्या पावडरचे इकडेतिकडे चार बुडबुडे येतात, पाणी दुधाळ होतं आणि पूड तळाशी जाऊन बसते.

अडचण येते ती अधल्यामधल्या पावडरची. फेस येतो, पण पुरेसा का, हे एकटा ग्लास बघून सांगता येत नाही. म्हणून मी वहिनीला नवा डबा आणायला सांगितला आणि दोन सारखे ग्लास शेजारी शेजारी ठेवायला लावले. एकात जुनी, एकात नवी, चमचा काठाशी सपाट करून, दोन्हींत एकाच पातेल्यातलं पाणी. व्हिडिओ कॉलवर मलाही दिसत होतं. नवीचा फेस जवळपास ग्लासाच्या काठापर्यंत चढला, जुनीचा बोटभर वर येऊन बसला. वहिनी म्हणाली, "अरे देवा, हा तर ढळढळीत फरक आहे." नवा डबा आणला की त्यातली अर्धा चमचा खर्चून हा फेस एकदा नजरेत भरून घ्यावा. मग पुढे तुलनेला दुसरा डबा लागत नाही.

हल्ली मिळणाऱ्या बहुतेक पावडरी डबल ॲक्टिंग असतात, म्हणजे त्यांत दोन प्रकारची आम्लं असतात. एक थंड पाणी लागताच काम सुरू करतं, दुसरं भट्टीच्या उष्णतेपर्यंत थांबतं. कुठलं आम्ल आहे ते पाकिटावरच्या घटकांच्या यादीतून कळतं. ५०० हा आकडा सोड्याचा, ३४१ हा घाईच्या आम्लाचा, ४५० आणि ५४१ हे सावकाश चालणाऱ्यांचे. तुमच्या डब्यावर ३४१ आणि सावकाश चालणारं एखादं, असे दोन्ही आकडे असतील तर चाचणी दोन टप्प्यांत करता येते. आधी साधं थंड पाणी ओता, फेस थांबू द्या, मग त्यावर कढत पाणी. दोन्ही वेळा फेस यायला हवा. थंड पाण्यावर जवळजवळ काही नाही आणि कढत पाण्यावर जेमतेम, असं झालं तर डब्यात ओल शिरून गेली आहे. ओल लागली की पहिला बळी घाईच्या आम्लाचाच जातो. वहिनीच्या डब्याचं असंच झालं होतं.

मग अशी अर्धमेली पावडर दुप्पट घालून चालेल का? हा प्रश्न वहिनीनेही विचारला. चालत नाही. डब्यात आधीच झालेल्या क्रियेतून उरलेले क्षारही दुप्पट पडतात, चव खारट-कडवट होते आणि फेस नक्की किती मिळेल याचा अंदाजही नसतो. टाकून दिलेली बरी.

सोड्याची गोष्ट फारच सोपी आहे. तो एकटाच असल्यामुळे डब्यात कोणाशी भांडत नाही आणि कोरडा ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो. पाव चमचा सोडा घेऊन वर चमचाभर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकलं की लगेच जोरात फेसाळला पाहिजे. गुठळ्या झाल्या असतील तर चाळून घ्या, त्याने काही बिघडत नाही. त्याचं खरं दुखणं वासाचं आहे. फ्रिजमधला वास जावा म्हणून लोक सोड्याची उघडी वाटी ठेवतात, ती वासासाठीच ठेवावी, त्यातला सोडा पुन्हा ढोकळ्यात घालू नये. लसणाच्या चटणीशेजारी राहिलेल्या सोड्याचा केक मी एकदा खाल्ला आहे. फुगला छान होता.

आपल्याकडचा आणखी एक घोळ म्हणजे चिठ्ठी नसलेले डबे. सोडा कुठला, पावडर कुठली हे चाटून ओळखणाऱ्या आज्या असतात, पण पाण्याने जास्त नीट कळतं. अर्धा ग्लास थंड पाण्यात पाव चमचा टाका. सोडा असेल तर गुपचूप विरघळतो आणि पाणी स्वच्छ राहतं. पावडर असेल तर चुरचुरते आणि स्टार्चमुळे पाणी गढूळ होतं. चुरचुरली नाही पण पाणी गढूळ झालं तर एकतर ती म्हातारी पावडर आहे किंवा फक्त उष्णतेवर चालणारी. तेव्हा कढत पाणी ओतून बघा, निकाल लागेल.

आता वहिनीच्या डब्याला झालं काय? मी खोदून विचारलं. डबा पाडव्याच्या सुमारास उघडलेला. ठेवायची जागा गॅसच्या वरची फळी, खाली रोज कुकरच्या तीन-चार शिट्ट्या. शेवटचं कारण तिने स्वतःच हसत सांगितलं. केक करताना कणभर ओला चमचा डब्यात जायचा, आणि कधी कधी डबा थेट वाडग्यावर धरून चमचा भरायची, खाली कोमट दूध. त्या दुधाची वाफ सरळ डब्यात. त्यातून कोकणातला पावसाळा, जेव्हा मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. अशा हवेत चार महिने म्हणजे कोरड्या गावातलं वर्ष समजा.

साठवणुकीचं सगळं सूत्र ओल दूर ठेवण्याचं आहे. पावडर छोट्या डब्यात घ्यावी. १०० ग्रॅमचा डबा महिन्यातून दोन केक करणाऱ्या घराला बरेच दिवस पुरतो, तेव्हा मोठा डबा स्वस्त पडला तरी घेऊ नये. झाकण घट्ट बसत नसेल तर रबरी कड असलेल्या काचेच्या बरणीत काढावी आणि बरणी आधी पूर्ण सुकवावी. जागा गॅसपासून आणि मोरीपासून लांबच्या कपाटातली. चमचा कोरडा, आणि पावडर आधी कोरड्या मैद्यात घालायची, म्हणजे डबा ओल्या भांड्याजवळ जातच नाही. उघडल्याची तारीख झाकणावर लिहावी. पाकिटावर छापलेली तारीख न उघडलेल्या डब्याची असते. उघडल्यावर सहा महिने हा साधारण हिशोब धरावा, पण पावसाळा मध्ये आला तर गणपतीच्या आधी एकदा कढत पाण्याची चाचणी करावी.

आणि हो, पावडर फ्रिजमध्ये ठेवू नका. चांगल्या हेतूने बरेच जण ठेवतात. थंड डबा बाहेर काढून दमट हवेत उघडला की आतल्या थंड पृष्ठभागावर दव धरतं, ताकाच्या गार पेल्याबाहेर धरतं तसंच. दरवेळी थोडं थोडं पाणी आपणच डब्यात घालतो.

यीस्टचं मात्र उलटं आहे, त्याला थंडीच लागते. कारण सोडा आणि पावडर ही रसायनं, तर यीस्ट जिवंत. सुक्या यीस्टच्या प्रत्येक कणात असंख्य पेशी जवळजवळ सगळं पाणी काढून झोपवलेल्या असतात. ऊब, ओल आणि हवा लागली की त्या झोपेतच हळूहळू मरतात. गोव्यातले पोदेर पूर्वी पावाचं पीठ माडाच्या ताडीने फुगवत. त्या ताडीतही हेच जीव, फक्त जागे, आणि रोज ताजे झाडावरून उतरवलेले, त्यामुळे टिकवण्याचा प्रश्नच नव्हता. पाकिटातलं यीस्ट महिनोन्‌महिने झोपलेलं ठेवायचं असतं, म्हणून जपावं लागतं.

त्याची चाचणी म्हणजे त्याला उठवून खायला देणं. सरळ बाजूंच्या ग्लासात पाव कप कोमट पाणी, अर्धा चमचा साखर आणि एक चमचा सुकं यीस्ट घाला. साखर विरघळवून यीस्ट वर भुरभुरा, हलकेच ढवळा आणि पाण्याच्या पातळीवर बाहेरून रबर बँड लावा. मीठ घालू नका, मीठ यीस्टला दाबतं. पहिल्या दोन-तीन मिनिटांत कण विरघळून तळातून ढगासारखं काही वर येताना दिसेल. पाच मिनिटांच्या आसपास बारीक बुडबुड्यांचे ठिपके, आणि दहाव्या मिनिटाला रबर बँडच्या वर गच्च, मलईसारखा, घुसळलेल्या ताकावरच्या फेसासारखा थर. पावाचा ओला, किंचित आंबूस वास आला पाहिजे. ढवळताना आलेले मोठे बुडबुडे मोजायचे नाहीत, ते फुटून जातात. हे पाणी फेकायचंही नाही. कृतीतल्या पाण्यात आणि यीस्टमध्ये तेवढं धरून तेच पिठात घाला.

सगळी चाचणी पाण्याच्या तापमानावर अवलंबून आहे. हवं आहे साधारण ४० अंश. ५५ ते ६० अंशांच्या पुढे यीस्ट मरतं, आणि आपल्या बोटाला 'बऱ्यापैकी गरम' वाटणारं पाणी तिथपर्यंत सहज जातं. थर्मामीटर नसेल तर हिशोबाने करा. एक भाग उकळतं पाणी आणि चार भाग नळाचं, २७ अंशांच्या आसपासचं पाणी. एकदा १०० आणि चारदा २७ मिळून २०८, त्याला पाचाने भागलं की ४१ पूर्णांक काही. काचेचा ग्लास थोडी ऊब खातो, म्हणजे बरोबर ४० च्या घरात. नाशकात डिसेंबरला नळाचं पाणी २० अंशांचं असेल तर एकाला तीन भाग घ्या, तिथेही ४०च येतं. तान्ह्या बाळाच्या अंघोळीच्या पाण्यासारखं, मनगटावर ना गरम ना गार.

म्हणून फेस आला नाही तर यीस्टला लगेच मेलेलं ठरवू नका. पाणी मोजून एकदा पुन्हा करा. पहिल्या खेपेला आपणच त्याला पोळवलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. दुसऱ्यांदाही दहा मिनिटांत काही नाही, पंधरा मिनिटांनीही पातळशीच साय, तर मात्र ते गेलं. आणि इथेही दुप्पट घालून भागत नाही. मेलेल्या पेशींमधून एक पदार्थ बाहेर झिरपतो, ग्लुटाथायोन त्याचं नाव, आणि तो मैद्याची लवचीक जाळी सैल करतो. पीठ चिकट, लिबलिबीत होतं आणि पाव उंच न होता पसरतो. पुष्कळदा लोक त्याचं खापर मैद्यावर फोडतात.

इन्स्टंट यीस्ट बारीक कणांचं असतं आणि थेट कोरड्या मैद्यात मिसळायचं असतं, त्याला रोज ही परीक्षा लागत नाही. पाकीट जुनं असेल किंवा प्रवासात गाडीच्या डिकीत तापलं असेल तर जरूर घ्या. बर्फाच्या पाण्यात मात्र ते कधी टाकू नका. कोरडी पेशी थंड पाण्यात भिजली की तिचं आवरण नीट जुळत नाही आणि आतलं बाहेर गळतं.

५०० ग्रॅमची वीट घेणाऱ्यांनी आधी विटेवर टकटक करून बघावं. निर्वात पॅकिंग शाबूत असेल तर ती दगडासारखी कडक लागते. मऊ पडली असेल तर कुठून तरी हवा शिरली आहे, दुकानात असतानाच परत द्यावी. घरी उघडल्यावर मी सगळं एका डब्यात कधी ठेवत नाही. दोन-तीन आठवड्यांपुरतं छोट्या बरणीत फ्रिजमध्ये, बाकीचं हवा दाबून काढलेल्या घट्ट पिशवीत फ्रीझरमध्ये. उघडलेलं यीस्ट फ्रिजमध्ये चारेक महिने आणि फ्रीझरमध्ये सहाएक महिने बिनघोर चालतं. पेशींत पाणीच नसल्यामुळे बर्फाचे काटे होऊन त्या फाटत नाहीत. पण दवाचा नियम इथेही लागू आहे. फ्रीझरमधली पिशवी बंद असतानाच बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मग उघडून छोटी बरणी भरावी. बेकरीत मिळणाऱ्या ओल्या यीस्टच्या वडीत मात्र ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ती फ्रिजमध्ये कागदात गुंडाळून ठेवायची आणि दोन आठवड्यांत संपवायची. चांगली वडी मोडली की खडूसारखी तुकडा पडते, आणि तपकिरी कडा, चिकटपणा किंवा कुजका वास आला की वडी संपली.

वहिनीच्या केकचं काय झालं? नवा डबा दुसऱ्या दिवशीचा, आणि पाहुणे तर त्याच संध्याकाळी येणार होते. सोड्यावर लिंबू पिळून बघायला सांगितलं, तो जोरात फेसाळला. मग दीड चमचा पावडरच्या जागी सपाट पाव चमचा आणि वर त्याच्या निम्मा सोडा मैद्यासोबत दोनदा चाळला, आणि पाऊण कप दुधाच्या जागी तेवढंच आंबट दही. सोडा पावडरच्या साधारण चौपट जोराचा, म्हणून इतकाच. घोळ ढवळल्यावर लगेच ओव्हनमध्ये, कारण सोडा आणि दही वाट बघत नाहीत, वायू वाडग्यातच सुटायला लागतो. संध्याकाळी फोटो आला. केक मधोमध थोडा तडकला होता, भाचीने तिथेच मेणबत्ती खोचली होती.